काँट्रॅक्टरच्या प्रोजेक्शनमध्ये ॲडव्हान्स नेमका कुठे दाखवायचा

काँट्रॅक्टिंग फर्मची प्रोजेक्शन्स करायला नवीन लागलेल्यांच्या शीट्स मी बऱ्याच तपासतो, आणि त्यात एक गोष्ट सारखी दिसते. ॲडव्हान्स आला की तो त्या महिन्याच्या सेल्समध्ये टाकतात आणि नंतरची बिलंही पूर्ण रकमेनं वसूल झाली असं धरतात, म्हणजे तेच पैसे दोनदा मोजले जातात. म्हणून शीट हातात आली की मी आधी कस्टमरकडून येणाऱ्या सगळ्या रकमांची बेरीज मारतो. टॅक्स बाजूला ठेवला तर ती काँट्रॅक्ट व्हॅल्यूएवढीच यायला हवी, जास्त आली तर ॲडव्हान्सची रिकव्हरी, म्हणजे बिलांतून होणारी त्याची कपात, बहुतेक राहिलीये.

एक साधं काम घेऊ, आकडे लाखात. काँट्रॅक्ट 100 चं, मुदत 5 महिने, दर महिन्याला 20 चं काम, त्यावर खर्च 16 आणि तो त्याच महिन्यात द्यायचा. सुरुवातीला 10 टक्के ॲडव्हान्स, तो प्रत्येक आरए, म्हणजे रनिंग अकाउंट बिलातून 10 टक्क्यांनी कापून जाणार, शिवाय 5 टक्के रिटेन्शन, म्हणजे कस्टमर प्रत्येक बिलातून राखून ठेवतो ती रक्कम. बिल महिनाअखेर लागतं आणि पैसे पुढच्या महिन्याच्या शेवटी येतात.

तर 20 च्या बिलातून 2 रिकव्हरी आणि 1 रिटेन्शन गेलं की हातात 17. पहिल्या महिन्यात फक्त ॲडव्हान्सचे 10 येतात आणि 16 जातात, म्हणजे 6 चा खड्डा. पुढे दर महिन्याला 17 येतात नि 16 जातात, त्यामुळे तो खड्डा महिन्याला फक्त 1 नं भरतो, पाचव्या महिन्याच्या शेवटीही 2 मायनसच असतात. सहाव्यात शेवटच्या बिलाचे 17 आले की 15 शिल्लक, आणि राहिलेले 5 रिटेन्शनचे, ते डिफेक्ट लायबिलिटी पिरियड, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, संपल्यावर. प्रॉफिट मात्र पहिल्या महिन्यापासून दरमहा 4 दिसतोय! प्रॉफिट आहे म्हणजे पैसे आहेत असं समजून वर्किंग कॅपिटलची गरज काढली तर ती कमीच निघणार.

आता जे बहुतेकजण वाचतच नाहीत ते रिकव्हरीचं कलम. बिलाच्या किती टक्के कापणार आणि कधीपासून, हे प्रत्येक काँट्रॅक्टमध्ये वेगळं असतं. फिडिक या कन्सल्टिंग इंजिनियर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या रेड बुकमध्ये, म्हणजे तिच्या बांधकामाच्या तयार काँट्रॅक्टमध्ये, टेंडरमध्ये वेगळं काही दिलं नसेल तर, सर्टिफाय झालेली बिलं काँट्रॅक्ट रकमेच्या 10 टक्क्यांवर गेली की रिकव्हरी सुरू होते आणि दर सर्टिफिकेटातून 25 टक्के कापले जातात. आपल्या उदाहरणात हे लावलं तर पहिल्या दोन बिलांतच 5-5 जाऊन ॲडव्हान्स फिटतो, मग हातात 14, 14 आणि पुढे 19, 19, 19. एकूण तेवढेच आले, पण खड्डा वाढत वाढत तिसऱ्या महिन्यात 10 पर्यंत जातो, आधी तो 6 वर थांबत होता. एका कलमामुळे बँकेच्या लिमिटची गरज एवढी बदलते, म्हणून काँट्रॅक्टची कॉपी समोर नसेल तर मी शीट सुरूच करत नाही. तसंच ॲडव्हान्ससाठी बँक गॅरंटी द्यावी लागत असेल तर बँक तिच्यासाठी मार्जिन अडकवते का ते विचारा, कारण तेवढे पैसे हातात येऊनही वापरता येत नाहीत.

बॅलन्स शीटमध्ये न कापला गेलेला ॲडव्हान्स लायबिलिटीत, कस्टमर ॲडव्हान्स म्हणून. रिटेन्शन डेटर्समध्ये मिसळू नका, वेगळ्या ओळीत ठेवा, नाहीतर डेटर्सचे दिवस उगाच फुगलेले दिसतात आणि बँकवाले विचारतातच. पहिल्या केसचा पहिला महिना बघा : कॅश मायनस 6, डेटर्स 17, रिटेन्शन 1, आणि लायबिलिटीत ॲडव्हान्सचे उरलेले 8. 17 अधिक 1, त्यातून 6 आणि 8 वजा, उरले 4, आणि हाच त्या महिन्याचा प्रॉफिट. प्रत्येक महिन्याला ही बेरीज तोपर्यंतच्या एकूण प्रॉफिटशी जुळली पाहिजे, ज्या महिन्यात तुटते तिथेच रिकव्हरी किंवा रिटेन्शन चुकलेलं असतं, शोधायला फार वेळ लागत नाही.

बिल दरमहा न लागता माइलस्टोनला लागत असेल तर अजून एक ओळ वाढते. काम 20 चं झालं पण माइलस्टोन पुढच्या महिन्यात आहे, तर ते डेटर्स नाहीत, अनबिल्ड रेव्हेन्यू आहे, आणि पैसे येण्याचे दिवस मोजायचे ते माइलस्टोन सर्टिफाय झाल्यापासून, काम झाल्यापासून नाही. साइटवाल्यांना विचारूनच ही तारीख टाका, टेंडरमधला बार चार्ट बघून टाकलेली तारीख क्वचितच टिकते.

आणि 3-4 कामं एकत्र असली तर प्रत्येक कामाची वेगळी शीट करून मगच बेरीज करा. एकत्र केलं की नव्या कामाचा ॲडव्हान्स जुन्या कामाचा खड्डा झाकतो आणि सगळं छान दिसतं, पण पुढचं काम एक क्वार्टर उशिरा मिळालं तर काय होतं हे बघायचं असेल तर त्या कामाची पूर्ण शीट, ॲडव्हान्ससकट, 3 महिने पुढे सरकवा आणि कॅशची ओळ परत वाचा.