राऊथच्या तक्त्यात अक्ष सरकवताना या चुका टाळा

नांदेडला माझ्याकडे कंट्रोल सिस्टीमच्या शिकवणीला येणारा एक पोरगा परवा वही घेऊन उभा राहिला. "सर, अक्ष सरकवल्यावर K ची मर्यादा वाढली. असं काहून?" वही न उघडताच मी म्हणालो, "चिन्ह चुकलं."

उदाहरण साधं होतं. मोटरच्या पोझिशन कंट्रोलसारखी प्रणाली, ओपन लूप `K/(s(s+3)(s+6))`, युनिटी फीडबॅक. लक्षण समीकरण `s^3 + 9s^2 + 18s + K = 0`. नेहमीचा तक्ता `0 < K < 162` देतो. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. प्रत्येक मूळ `-1` च्या डावीकडे हवं होतं, म्हणजे क्षणिक प्रतिसादाचा कुठलाच भाग `e^(-t)` पेक्षा सावकाश ओसरू नये.

त्यासाठी `s = z - 1` ठेवायचं. त्यानं `s = z + 1` ठेवलं होतं, कारण "अक्ष उजवीकडून डावीकडे न्यायचा" हे डोक्यात होतं आणि हात उलटा चालला. ताळा असा: नव्या अक्षावर `z = 0` ठेवा. `s` ची किंमत `-1` यायला हवी. त्याच्या उलट्या चिन्हानं `-28 < K < 440` निघतं. अट कडक केली की मर्यादा आक्रसते. नवा पट्टा जुन्याच्या बाहेर गेला, तर पुढचं काही तपासूच नका, चिन्ह बघा.

दुसरी गडबड विस्तारात होते. कंस उघडत बसण्यापेक्षा `-1` नं पुन्हा पुन्हा संश्लेषित भागाकार करा. `1, 9, 18, K` वर पहिल्या फेरीत `1, 8, 10` आणि बाकी `K-10`. दुसऱ्या फेरीत `1, 7` आणि बाकी `3`. तिसऱ्यात `1` आणि बाकी `6`. उलट वाचलं की `z^3 + 6z^2 + 3z + (K-10)`.

```
z^3 |  1          3
z^2 |  6          K-10
z^1 |  (28-K)/6   0
z^0 |  K-10
```

पहिला स्तंभ धन ठेवायचा, म्हणून `10 < K < 28`. इथं बरीच लेकरं फक्त 28 लिहून मोकळी होतात. मूळ तक्त्यात खालची मर्यादा शून्य होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सरकवल्यावर तीच खरी अडचण होते. `K = 5` घेतलं तर प्रणाली स्थिरच आहे, पण एक मूळ साधारण `-0.33` ला बसतं आणि प्रतिसाद मागितल्याच्या तिप्पट वेळ रेंगाळतो. गेन कमी ठेवला म्हणजे सुरक्षित, हा समज इथं फसतो.

चिन्हबदल मोजतानाही जपून. `K = 50` ला `z^1` ची ओळ ऋण होते, चिन्ह २ वेळा बदलतं. उत्तरपत्रिकेत लगेच "अस्थिर" लिहू नका. ती २ मुळं `-1` च्या उजवीकडे आहेत, इतकंच. 50 हे 162 च्या आत असल्यानं प्रणाली स्थिर आहे, फक्त हवी तितक्या लवकर शांत होत नाही.

`K = 28` ला `z^1` ची ओळ शून्य होते. सहायक समीकरण `6z^2 + 18 = 0`, म्हणून `z = ±j1.732`. हे उत्तर नव्हे, परत `s` मध्ये आणा: `-1 ± j1.732`, आणि तिसरं मूळ `-7`. बेरीज `-9` येते, ताळा जुळला. या जोडीचं डॅम्पिंग गुणोत्तर 0.5 आहे. म्हणजे अक्ष सरकवल्यानं ओसरण्याचा वेग बांधला जातो, हेलकावे नाहीत. ओव्हरशूटची अट असेल तर ती वेगळी तपासावी लागते.

त्या पोरानं मग हावरटपणे अक्ष 2 नं सरकवला. `z^3 + 3z^2 - 6z + (K-8)` आलं, आणि "सर, K निघतच नाही हो." बरोबरच आहे, `z` चा गुणक ऋण आहे आणि त्यात K नाहीच. या प्रणालीत अक्ष `σ` नं सरकवला की `z` चा गुणक `3σ^2 - 18σ + 18` असतो, तो `σ = 1.268` ला शून्य होतो. रूट लोकसवर शाखा तिथंच, `-1.268` ला, फुटतात. त्यापलीकडे नुसता गेन फिरवून काही होत नाही.

मग लीड कम्पेन्सेटर लावावा लागतो. `(s+3)/(s+20)` लावला तर समीकरण `s^3 + 26s^2 + 120s + K` होतं, 2 नं सरकवल्यावर `z^3 + 20z^2 + 28z + (K-144)`, आणि `144 < K < 704` मिळतं. पण `-3` चा पोल इथं खोडला गेला, तो तक्त्यात दिसत नाही, तरी प्रणालीत आहेच. तो `-2` च्या डावीकडे असल्यानं चाललं. `-1.5` ला असता तर तक्ता सगळं ठीक सांगत राहिला असता आणि मोटर मात्र मागितल्यापेक्षा सावकाश स्थिरावली असती.