पाणी बंद, घरमालकाला पत्र: आयईएल्टीएस जनरल ट्रेनिंगच्या पहिल्या टास्कची तयारी

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात लेखनाचा पहिला टास्क पत्राचा असतो. किमान 150 शब्द, आणि त्यासाठी साधारण 20 मिनिटं. घरमालकाला तक्रार कळवणारं पत्र हा त्यातला नेहमी सरावाला येणारा प्रकार आहे, आणि नळाला पाणी नसणं हा त्यातला सरळ विषय वाटतो. सरळ वाटतो म्हणूनच बरेच जण विचार न करता लिहायला घेतात. पेन उचलण्याआधी किंवा टाइप करायला लागण्याआधी एक कसोटी मनाशी पक्की करा. तुमचं पत्र वाचून झाल्यावर घरमालकाला, तुम्हाला आणखी काही न विचारता, थेट प्लंबरला फोन करता आला पाहिजे. खालची सगळी तयारी या एका कसोटीसाठी आहे.

पहिली पाच मिनिटं प्रश्नावर आणि आराखड्यावर खर्च करा. प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात. पाण्याच्या प्रश्नात ते बहुधा असे येतात: अडचण काय आहे, तिचा तुमच्यावर काय परिणाम होतो आहे, आणि घरमालकाने काय करावं. तिन्ही मुद्दे पत्रात दिसले पाहिजेत आणि प्रत्येकाला थोडा विस्तार मिळाला पाहिजे. एखादा सुटला, तर भाषा कितीही चांगली असली तरी ‘टास्क अचीव्हमेंट’ या निकषावर गुण अडकतात. प्रश्न कधीकधी वेगळा वळतो. तिसरा मुद्दा ‘तुम्ही आतापर्यंत काय केलंत’ असाही असू शकतो. म्हणून पाठ केलेल्या पत्रावर नाही, समोरच्या तीन ओळींवर बोट ठेवून आराखडा करा.

आता पत्र कुणाला आहे ते ठरवा. घरमालक तुमच्या ओळखीचा आहे, पण मित्र नाही. त्यामुळे सुरुवात ‘डिअर मिस्टर हॅरिस’ अशी आडनावाने होते आणि शेवट ‘युअर्स सिन्सिअरली’ने. ‘काइंड रिगार्ड्स’ही चालतं. ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहिलंत, तर माणूस अनोळखी ठरतो आणि मग शेवटी ‘युअर्स फेथफुली’ यावं लागतं. आपल्याकडे शाळेत शिकवलेलं ‘रिस्पेक्टेड सर’ इथे आणू नका. पत्ता लिहायची गरज नसते, तसं प्रश्नातच सांगितलेलं असतं. तारीख, विषय, ‘टू, द ओनर’ या ओळीही सोडून द्या. त्यांत वेळ जातो आणि गुण मिळत नाहीत.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि तिथेच बहुतेक पत्रं पातळ पडतात. नुसतं ‘पाणी येत नाही’ म्हणून भागत नाही. प्लंबर जे प्रश्न विचारेल त्यांची उत्तरं आधीच ठरवून ठेवा. पाणी कधीपासून नाही? सगळ्या घरात नाही की एकाच नळाला? अजिबात नाही की धार बारीक झाली आहे? शेजाऱ्यांकडे येतं का? तुम्ही स्वतः काय तपासलंत? यांतला शेजाऱ्यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. साऱ्या गल्लीत पाणी नसेल, तर तक्रार पाणी कंपनीकडे जायला हवी, घरमालकाकडे नाही. ‘खालच्या मजल्यावर पाणी नेहमीसारखं येतं आहे’ एवढं एक वाक्य टाकलं की दोष याच घराच्या पाइपात आहे हे सिद्ध होतं आणि पुढची विनंती आपोआप तर्काला धरून येते.

एक उदाहरण घेऊ. घर लीड्समधलं, पहिल्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट. सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक झाली. मंगळवारी सकाळी बाथरूममध्ये पाणी पूर्ण बंद. आज गुरुवार. सिंकखालचा स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणाऱ्या पाण्याची मुख्य चावी, पूर्ण उघडी आहे हे पाहून झालं. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर ओलीचा डाग दिसायला लागला आहे. घरमालकाला आता काय समजलं? पाइप भिंतीच्या आत फुटला असावा, आणि उशीर केला तर त्याचीच भिंत खराब होणार. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तरी घाई का करायची हे त्याला कळलं. ओलीचा तो डाग नुसता वर्णनासाठी नाही, संबंध पत्रातलं ते सगळ्यात बळकट वाक्य आहे.

प्रसंग पुण्याचा किंवा नागपूरचा घेतलात तरी हरकत नाही, त्यासाठी कुणी गुण कापत नाही. फक्त टँकर, गच्चीवरची टाकी, सोडलेल्या पाण्याची वेळ असं काही आलं, तर ते परीक्षकाला समजावण्यात शब्द जातात. ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत पाणी थेट मुख्य पाइपातून, दिवसभर येतं. तेव्हा जागा कुठली ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तिथेच राहा. लीड्सच्या फ्लॅटमध्ये मध्येच पंपाची मोटर सुरू करायला जाऊ नका.

परिणाम लिहिताना दोनच निवडा आणि दोन्ही नीट उलगडा. सहा त्रास एका ओळीत कोंबले, तर विस्तार झाला असं धरलं जात नाही. आपल्या उदाहरणात घरात चार वर्षांची मुलगी आहे. स्वयंपाकासाठी आणि तिला आंघोळ घालण्यासाठी खालच्या शेजारणीकडून बादल्या भरून जिना चढावा लागतो. दुसरा परिणाम: वॉशिंग मशीन चालवता येत नाही, म्हणून दोनदा लाँड्रीत जावं लागलं. एवढं पुरेसं आहे. ‘माझं आयुष्य नरक झालं आहे’ अशा वाक्याने सूर बिघडतो, आणि सूर पत्रभर एकसारखा राहतो का, हे ‘टास्क अचीव्हमेंट’मध्येच पाहिलं जातं.

सुराबाबत दोन्ही टोकं टाळायची असतात. एका टोकाला ‘आय डिमांड’, ‘नाहीतर भाडं देणार नाही’, ‘कोर्टात जाईन’. दुसऱ्या टोकाला ‘आय हम्बली रिक्वेस्ट युअर गुडसेल्फ’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’. मराठी मुलांच्या पत्रांत हे दुसरं टोक जास्त दिसतं, कारण आपल्या सरकारी अर्जांची भाषा हातात बसलेली असते. ‘डू द नीडफुल’मध्ये नेमकं काय करायचं हेच सांगितलेलं नसतं. म्हणून आपल्या कसोटीवरही ते वाक्य नापास होतं. मधला रस्ता असा: ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड अ प्लंबर बाय सॅटर्डे.’ क्रियापद नम्र आहे आणि दिवस ठाम आहे. त्याला जोडून, तुम्ही घरी कधी असता ते सांगा. आज आणि उद्या दुपारी 3 नंतर, शनिवारी दिवसभर. आणि त्या वेळेत जमत नसेल, तर मालकाने स्वतःकडची किल्ली वापरून प्लंबरला आत न्यायला हरकत नाही. शेवटच्या या वाक्याने परवानगी मागण्याचा एक फोन वाचतो.

पत्राची पहिली ओळ हेतू सांगण्यासाठी ठेवा. ‘आय होप धिस लेटर फाइंड्स यू वेल’ अशी पाठ केलेली सुरुवात कुठल्याही पत्राला चिकटते, आणि परीक्षकाला ती ओळखता येते. त्याऐवजी ‘आय अ‍ॅम रायटिंग टु लेट यू नो दॅट देअर हॅज बीन अल्मोस्ट नो वॉटर इन द फ्लॅट सिन्स ट्यूसडे मॉर्निंग.’ एका वाक्यात हेतू, अडचण आणि वेळ तिन्ही आले. मग तीन मुद्द्यांचे तीन परिच्छेद. शब्दांचा अंदाज घ्यायचा तर सुरुवात 25, अडचण 55, परिणाम 45, विनंती 40 च्या आसपास. मिळून साधारण 165 होतात, आणि तेवढे बास आहेत. 150 पेक्षा कमी भरले तर नुकसान होतं. 250 लिहून जास्त गुण मिळत नाहीत, उलट चुकांना जागा वाढते. परिच्छेदांना आकडे किंवा टिंबं लावून यादी करू नका. पत्र सलग वाक्यांतच हवं.

व्याकरणात या विषयाला जे चटकन लागतं तेवढंच आधी घोटा. ‘दोन दिवसांपासून’ला आपण ‘सिन्स टू डेज’ म्हणून जातो. कालावधी असेल तर ‘फॉर टू डेज’, सुरुवातीचा दिवस असेल तर ‘सिन्स ट्यूसडे’, आणि दोन्हीसोबत क्रियापद ‘हॅज बीन’ वळणाचं. ‘वॉटर इज नॉट कमिंग’ऐवजी ‘देअर इज नो रनिंग वॉटर’. बारीक धारेला ‘ओन्ली अ थिन ट्रिकल’ किंवा ‘व्हेरी लो वॉटर प्रेशर’. ओलीच्या डागाला ‘अ डँप पॅच’. हे तीन-चार शब्दप्रयोग नेमक्या जागी बसले की शब्दसंपत्तीच्या निकषाला मदत होते. अलंकारिक विशेषणं शोधण्यात वेळ घालवू नका.

स्पेलिंगमध्ये दोन शब्द दरवेळी तपासा. ‘प्लंबर’मध्ये उच्चारात न येणारा ‘बी’ लिहायचा असतो, आणि ‘सिन्सिअरली’मधली ‘आर’ आणि ‘एल’ यांच्या मधली ‘ई’ घाईत गळते. परीक्षा संगणकावर असली, तर शब्दसंख्या पडद्यावर दिसते, पण चुकलेल्या स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही. घरी सराव करताना ती सोय बंद करूनच लिहा.

शेवटची तीन मिनिटं तपासणीसाठी राखा आणि घरमालकाच्या खुर्चीत बसून वाचा. कुठला नळ, कधीपासून, खाली पाणी आहे का, प्लंबर कधी पाठवायचा, दार कोण उघडणार, हे सगळं सापडलं? वार जुळतात का? पहिल्या परिच्छेदात मंगळवार आणि तिसऱ्यात ‘आठवडाभर’ असं झालं नाही ना? ‘डिअर मिस्टर हॅरिस’ आणि ‘युअर्स सिन्सिअरली’ची जोडी बरोबर आहे? खाली स्वतःचं नाव लिहिलंत? 20 मिनिटं झाली की पत्र तिथेच थांबवा आणि दुसऱ्या टास्ककडे, म्हणजे निबंधाकडे वळा. त्याचं वजन पत्राच्या दुप्पट आहे. तिथली 40 मिनिटं नळ दुरुस्त करण्यात घालवू नका.