जर्मनीच्या मेडिकलमध्ये दुखणं सांगताना या चुका टाळा

नाशिकला कॉलेज रोडच्या कुठल्याही मेडिकलमध्ये "जुलाबाची गोळी द्या" म्हटलं की काम होतं. ट्रेनिंगसाठी किंवा मुलांकडे राहायला जर्मनीला गेलेल्यांचं तिथल्या 'अपोथेके'त मात्र अडतं. तिथल्या काउंटरवर शिकलेला फार्मासिस्ट असतो, बऱ्याचदा त्याला इंग्रजीही येतं, पण आपलं इंग्रजी तो वेगळं ऐकतो. शॅम्पू-साबणाच्या 'ड्रोगेरी'त किंवा सुपरमार्केटमध्ये पॅरासिटामॉल शोधत फिरू नका, ते फक्त अपोथेकेत मिळतं.

'लूज मोशन' म्हणणं

हा शब्दप्रयोग आपल्याकडचा आहे. समोरच्याला त्यातला 'मोशन' तेवढा कळतो आणि तो गाडी लागण्याच्या गोळ्या काढून देऊ शकतो. 'स्टमक अपसेट'नेही भागत नाही, कारण मळमळ, पोटदुखी आणि जुलाब तिन्ही त्यात बसतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं. जुलाबाला सरळ 'डायरिया' म्हणा, जर्मनमध्ये 'डुर्शफाल'.

'पित्त झालंय'चं भाषांतर करणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपण छातीत जळजळलं तरी पित्त म्हणतो, डोकं दुखून उलटीसारखं झालं तरी पित्तच, आणि अंगावर गांधी उठल्या तरीही पित्तच. मोबाइलवर हा शब्द टाकला तर पित्ताशयाशी संबंधित काहीतरी समोर येऊ शकतं. म्हणून आधी स्वतःशी ठरवा की नक्की काय होतंय. जळजळ असेल तर 'झोटब्रेनन', मळमळ असेल तर 'इउबलकाइट', अंगावर पुरळ असेल तर 'आउसश्लाग'. 'डोकं धरलंय', 'पोटात कालवाकालव होतेय' अशी वाक्यंही मोबाइलला देऊ नका. 'डोकेदुखी', 'मळमळ' असं एका शब्दात लिहा, भाषांतर बिघडायला वाव कमी राहतो.

गोळीचं नाव सांगणं

क्रोसिन, सॅरिडॉन, डायजिन ही नावं तिथे चालतीलच असं नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन हे घटक मात्र तिथेही याच नावांनी ओळखतात. नॉरफ्लॉक्ससारखं अँटिबायोटिक मागू नका, तिथे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत. तक्रार सांगून औषध त्यालाच निवडू देणं बरं.

नुसती तक्रार सांगून थांबणं

समजा, 68 वर्षांच्या आईला सकाळपासून चार वेळा जुलाब झालेत. ताप नाही, रक्त नाही, बीपीची गोळी चालू आहे. मुलगा काउंटरवर जाऊन फक्त 'डुर्शफाल' म्हणाला, तर समोरच्याला वाटणार की त्यालाच होतंय. मग प्रश्न सुरू होतात: कोणाला, कधीपासून, ताप आहे का, दुसरं काही औषध चालू आहे का. हे प्रश्न तो विचारणारच, तेव्हा उत्तरं त्याच क्रमाने एका ओळीत मोबाइलवर लिहून न्यावीत:

```
Für meine Mutter, 68: Durchfall seit heute früh,
viermal, kein Fieber, kein Blut. Nimmt Blutdrucktabletten.
```

यातला 'काइन', म्हणजे 'नाही', खूप कामाचा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी ताप किंवा शौचात रक्त असेल तर घ्यायची नसते, म्हणून फार्मासिस्टला ही दोन 'नाही' हवीच असतात. बीपीचा उल्लेखही गाळू नका. जुलाबात अंगातलं पाणी जातं आणि बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, अशा वेळी त्रास देऊ शकतात. आपल्या ओआरएससारखी पावडर हवी असेल तर 'एलेक्ट्रोल्यूटं' म्हणा.

बोलून सांगणार असाल तर पहिले तीन तुकडे, म्हणजे कोणाला, काय आणि कधीपासून, एवढे पुरे: "फ्यूर माइनं मुटर, डुर्शफाल, झाइट होयट फ्र्यू." बाकीचं तो विचारेल. डोकेदुखीलाही हाच साचा चालतो, फक्त 'डुर्शफाल'च्या जागी 'कोप्फश्मेर्त्सन' येतं.

मान डोलावणं

"फीबर?" विचारल्यावर आपण जी मान हलवतो ती तिकडच्या माणसाला हो वाटते की नाही, सांगता येत नाही. तोंडाने 'या' किंवा 'नाइन' म्हणा. बोट पोटावर ठेवून जागाही दाखवा: बरगड्यांखाली दुखत असेल तर 'मागन', बेंबीच्या आसपास असेल तर 'बाउख'. आपल्या 'पोट' या शब्दात दोन्ही येतात.

रविवारी बहुतेक अपोथेके बंद असतात. बंद दुकानाच्या दारावर त्या दिवशी 'नोटडीन्स्ट'ला, म्हणजे पाळीला, कुठलं दुकान उघडं आहे ते लावलेलं असतं. तिथे औषधाच्या किमतीवर 2.50 युरो जादा लागू शकतात.

डोकेदुखी अचानक आणि कधी नव्हे इतकी जोराची असेल, मान आखडली असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर काउंटरवर एक ओळ सांगत बसू नका, थेट 112 फिरवा. जीवावरचं नाही पण डॉक्टर आजच हवा, अशा वेळी नंबर 116117.