अभ्यासासाठी मोठी रजा घेताय? परतीच्या हमीत या चुका टाळा

मनुष्यबळ विभागात असताना दीर्घ रजेचे बरेच अर्ज माझ्या हाताखालून गेले. अर्ज नाकारला गेला तर माणूस चिडतो, पण त्याचं नुकसान तिथेच थांबतं. खरा त्रास झाला तो रजा मंजूर झालेल्यांना, आणि तोही परत येताना. रजा मिळवण्यासाठी माणूस महिनाभर तयारी करतो आणि परतीचं वाक्य मात्र समोरच्याने जसं लिहून दिलं तसं स्वीकारतो.

एक प्रकरण सांगतो. एका विश्लेषक बाईंनी अभ्यासक्रमासाठी १ सप्टेंबर ते ३१ मार्च अशी सात महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. त्यांचे साहेब भले गृहस्थ. "निवांत जा, तुमची खुर्ची कुठे जात नाही," म्हणाले. मंजुरीच्या पत्रात वाक्य आलं: "रजा संपल्यावर योग्य पद उपलब्ध असल्यास आपणांस सामावून घेण्यात येईल." बाईंनी पत्र वाचलं, आभार मानले आणि गेल्या. नोव्हेंबरमध्ये साहेबांनी नोकरी बदलली. जानेवारीपासूनचं अंदाजपत्रक तयार करताना वित्त विभागाने मागच्या काही महिन्यांचा प्रत्यक्ष पगारखर्च पाहिला. त्या पदापुढे शून्य होतं, म्हणून ते रिकामं समजून कापलं गेलं. मार्चमध्ये बाईंना दुसऱ्या विभागातलं, एक पायरी खालचं पद देऊ केलं गेलं. कुणी फसवलं नव्हतं. प्रत्येकाने समोरच्या कागदाप्रमाणे काम केलं होतं.

"उपलब्ध असल्यास" ही हमी समजणे

"उपलब्ध असल्यास", "शक्यतो", "विचार केला जाईल" यांपैकी काहीही पत्रात असेल तर ती हमी नव्हे, शुभेच्छा आहे. हमीच्या वाक्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: परतीची तारीख, पद, आणि ते पद राहिलं नाही तर काय. त्या बाईंच्या पत्रात हे असं लिहून घेता आलं असतं:

"आपण १ एप्रिल रोजी सध्याच्याच पदावर रुजू व्हाल. ते पद अस्तित्वात नसल्यास त्याच श्रेणीचं, त्याच मूळ वेतनाचं आणि त्याच कार्यालयातलं समकक्ष पद देण्यात येईल. रजेच्या काळात पदकपात झाल्यास कामावर हजर असलेल्या कर्मचाऱ्यांना लागू असलेले नियमच आपणांस लागू राहतील. रजेचा काळ सेवेतील खंड मानला जाणार नाही."

"समकक्ष" हा शब्द एकटा सोडू नका, तो फार लवचिक आहे. श्रेणी, वेतन आणि ठिकाण ही तीन टोकं बांधली की त्याला फारसं ताणता येत नाही. तिसरं वाक्य बरेच जण मागतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच. काहीही झालं तरी नोकरी राहीलच, असं कोणतीही संस्था प्रामाणिकपणे लिहून देऊ शकत नाही. तसा हट्ट धरलात तर अर्ज कायदा विभागाकडे जाऊन अडकतो. पण रजेवर आहे म्हणून पहिला नंबर माझा लागू नये, ही मागणी रास्त आहे आणि ती सहसा मान्य होते.

सही कुणाची, हेही पाहा. साहेबांचा होकार ईमेलवर असला तरी साहेब बदलतात. पत्र मनुष्यबळ विभागाचं, संस्थेच्या वतीने दिलेलं हवं. तोंडी होकार मिळाला त्याच दिवशी "आज आपलं असं ठरलं" एवढा दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवा, म्हणजे पत्राचा मसुदा करणाऱ्याला आधार मिळतो.

आपलं काम कोण करणार, हे साहेबांवर सोडणे

हे अर्जाचं सौजन्य वाटतं, पण परतीची हमी प्रत्यक्षात इथेच टिकते किंवा मोडते. तुमच्या जागी कायम माणूस भरला, की सात महिन्यांनी एका खुर्चीवर दोघं होतात आणि बसलेल्याला उठवणं कुणालाच नको असतं. म्हणून अर्जातच योजना द्या: कोणती कामं कोणता सहकारी घेईल, कोणती थांबवता येतील आणि उरलेल्यांसाठी ठरावीक मुदतीचा बदली माणूस. त्याचा करार तुमच्या परतीनंतर दोन आठवड्यांनी संपेल असा सुचवा, म्हणजे कामाचं हस्तांतरणही नीट होतं.

रजेच्या मधे नवं आर्थिक वर्ष सुरू होत असेल तर आणखी एक गोष्ट करा. तुमचं पद नव्या अंदाजपत्रकात "भरलेलं, कर्मचारी रजेवर" असं दाखवलं जाईल ना, हे जाण्यापूर्वी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हा प्रश्न ऐकून समोरचा जरा चमकतो. पण ज्या प्रकरणांत तो विचारला गेला, तिथे पद चुकून कापलं गेल्याचं मला आठवत नाही.

"राजीनामा द्या, परत घेऊ" याला हो म्हणणे

रजेचं धोरण नसलेल्या ठिकाणी हा सोपा मार्ग म्हणून सुचवला जातो. राजीनाम्याने सेवा तुटते. परत आलात तरी नवी नेमणूक, बहुधा नवा परिवीक्षाकाळ, आणि सेवेच्या वर्षांवर मोजले जाणारे लाभ पुन्हा शून्यापासून. दुसरा पर्यायच नसेल तर पुनर्नेमणुकीचं पत्र राजीनाम्याच्या आधी हातात घ्या, आणि त्यात जुनी सेवा धरली जाईल की नाही हे स्पष्ट असू द्या.

परतीची तारीख परीक्षेला चिकटवणे

परीक्षा २० मार्चला संपते म्हणून २१ तारीख लिहू नका. परीक्षा पुढे ढकलली जाते, प्रबंधाला दुरुस्त्या निघतात. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. मुदतवाढ लागलीच तर ती किती दिवस आधी मागायची आणि तिने हमी बदलते का, हे मूळ पत्रातच येऊ द्या. मंजुरीशिवाय वाढलेला एक आठवडासुद्धा गैरहजेरी ठरतो आणि सगळी हमी धोक्यात येते.

स्वतःच्या प्रकल्पासाठी रजा असेल तर एक वेगळी अडचण असते. रजेवर असलात तरी तुम्ही नोकरीतच असता, त्यामुळे करारातली "अन्य काम करू नये" आणि "केलेल्या निर्मितीचा हक्क संस्थेचा" ही कलमं चालूच राहतात. प्रकल्पाचं चार ओळींत वर्णन देऊन त्यापुरती सूट आधी घ्या.

रजेच्या काळात बिघाड कसा ओळखायचा

कार्यालयाचा ईमेल बहुधा बंद होतो, म्हणून पत्रव्यवहारासाठी खासगी पत्ता नोंदवून ठेवा. त्यावर अंतिम हिशेबाचं पत्रक किंवा अनुभवाचा दाखला आला, तर प्रणालीत तुमची नोंद "रजेवर" ऐवजी "नोकरी सोडली" अशी झाली आहे असं समजा. ही चूक बहुतेक वेळा कारकुनी असते आणि लगेच कळवली तर दुरुस्त होते. परतीच्या आठवड्यात कळली तर पदच शिल्लक नसतं. विभागाच्या नव्या रचनेत तुमचं नाव नसणं आणि नवे साहेब आल्यावर त्यांना तुमच्याबद्दल काहीच माहीत नसणं, या आणखी दोन खुणा. नवे साहेब आले की मंजुरीचं पत्र जोडून त्यांना ओळखीचा छोटा ईमेल पाठवा.

परतीच्या आठ आठवडे आधी, "ठरल्याप्रमाणे १ एप्रिलला रुजू होत आहे" असं लेखी कळवा आणि पोच मागा. "रुजू होऊ शकते का?" असं विचारू नका, ठरलेली गोष्ट प्रश्नाच्या रूपात गेली की तिच्यावर पुन्हा चर्चा सुरू होते. दहा दिवसांत पोच आली नाही, तर मूळ पत्राची प्रत जोडून मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांना लिहा. आठ आठवडे ठेवायचे ते याचसाठी: पद खरंच गेलं असेल, तर समकक्ष जागा शोधायला त्यांनाही तेवढा वेळ लागतो.