वृत्तालेख काढताना कोन टक्क्यांवरून नको, मूळ संख्येवरून काढा

समजा वर्गातल्या ४२ मुलांना विचारलं, शाळेत कसे येता? चालत १९, सायकलने १२, बसने ८, रिक्षाने ३. आधी बेरीज ४२ भरते का ते पाहा. एकाच मुलाने दोन उत्तरं दिली असतील तर हा आलेख चालणारच नाही, तिथे स्तंभालेख काढावा.

टक्के काढायला संख्येला ४२ ने भागून १०० ने गुणा. सायकलचे २८.५७, म्हणजे २९ टक्के. बहुतेक जण इथे चुकतात: या २९ ला ३.६ ने गुणून १०४.४ अंश घेतात. खरा कोन १२ ÷ ४२ × ३६० = १०२.८६ अंश आहे. पूर्णांकात आणलेले टक्के फक्त आलेखावर लिहायला वापरा.

बाकीचे कोन १६२.८६, ६८.५७ आणि २५.७१. कोनमापकासाठी जवळचे पूर्ण अंश घेतले तर १६३, १०३, ६९, २६ येतात आणि बेरीज ३६१ होते! वाढलेला एक अंश कुठूनही कापू नका. वरच्या पूर्ण अंशात नेलेल्या कोनांपैकी ज्याचा अपूर्णांक सर्वांत लहान, त्याचा कमी करा. इथे तो बसचा, .५७. म्हणून ६९ ऐवजी ६८.

काढताना प्रत्येक कोन आधीच्या त्रिज्येपासून मोजा. शेवटचा, रिक्षाचा, आपोआप उरतो. तरी तो कोनमापकाने मोजाच. २६ च्या जागी २९ आले, तर आधीची एखादी रेघ सरकली आहे.