स्कॅन केलेल्या बिलांवरच्या तारखा कशा तपासाव्यात

एका औषध दुकानाचे हिशेब माझ्याकडे असतात. होलसेलरचा एप्रिल ते जून २०२४ चा खातेउतारा आला की त्या तिमाहीची सगळी बिलं स्कॅन होतात. सॉफ्टवेअर त्यांतून बिल नंबर, तारीख आणि रक्कम काढून एक्सेलमध्ये टाकतं. रक्कम चुकली तर बेरीज जुळत नाही, त्यामुळे ती लगेच लक्षात येते. तारीख चुकली तर काहीच बोंब होत नाही, बिल मुकाट्याने भलत्या महिन्यात जाऊन बसतं. म्हणून तारखांना वेगळी चाळण लावावी लागते.

आधी शीटची मांडणी. B रकान्यात सॉफ्टवेअरने काढलेली तारीख ठेवा. C मध्ये बिल आपल्या हाती आलं ती तारीख टाका. बिल हाती आल्यावरच तिचा शिक्का मारून घेतला तर पुढे आठवत बसावं लागत नाही. H1 मध्ये उताऱ्याचा पहिला दिवस, म्हणजे १ एप्रिल २०२४, आणि H2 मध्ये शेवटचा, ३० जून २०२४. H3 मध्ये याहून जुनं बिल असूच नये अशी मर्यादा.

ही मर्यादा अंदाजाने ठरवू नका. बिलावर जीएसटी लावलेला असेल तर ते १ जुलै २०१७ च्या आधीचं असू शकत नाही, कारण कर त्या दिवशी सुरू झाला. पण ती फारच सैल दोरी झाली. मी H3 मध्ये १ एप्रिल २०२३ टाकते. त्याआधीच्या, म्हणजे २०२२-२३ च्या बिलावरचं इनपुट क्रेडिट घ्यायची मुदत ३० नोव्हेंबर २०२३ लाच संपली. तेव्हा जुलै २०२४ मध्ये तसं बिल समोर आलं तर ते चुकून वाचलं गेलेलं तरी असतं, नाहीतर हातात घेऊन बघण्यासारखं तरी.

आता D रकान्यात हे सूत्र:

```
=IF(NOT(ISNUMBER(B2)),"तारीख नाही",
 IF(INT(B2)>C2,"पुढची",
 IF(B2<$H$3,"फार जुनी",
 IF(OR(B2<$H$1,INT(B2)>$H$2),"काळाबाहेर","ठीक"))))
```

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पुढची तारीख ओळखायला `TODAY()` वापरलेलं नाही. आज ८ जुलैला १५ ऑगस्टची तारीख ‘पुढची’ म्हणून अडकेल, पण हीच शीट सप्टेंबरमध्ये उघडली तर तीच तारीख बिनदिक्कत पास होईल. C मधली तारीख बदलत नाही, म्हणून निकालही बदलत नाही. दुसरं `INT`. काही बिलांवरून तारखेबरोबर वेळही उचलली जाते. ३० जूनच्या संध्याकाळी ६:४० चं बिल एक्सेलच्या हिशेबी ३० जूनपेक्षा मोठं ठरतं आणि विनाकारण बाहेर पडतं. `INT` वेळ कापून टाकतं.

अडकलेली ओळ पुसायची नाही आणि अंदाजाने दुरुस्तही करायची नाही. बिल उघडून बघायचं, खरी तारीख E मध्ये लिहायची आणि B जसाच्या तसा ठेवायचा. सॉफ्टवेअर कुठे फसतं ते B वरूनच कळतं. या तिमाहीत माझ्याकडे अडकलेली तीन बिलं सांगते.

पहिल्यावर १ मार्च २०२६ अशी तारीख आली होती. औषधांच्या बिलावर प्रत्येक ओळीत बॅच नंबर आणि एक्सपायरी असते. इथे बिलाची तारीख पुसट होती, म्हणून सॉफ्टवेअरने गोळ्यांची ‘03/26’ ही एक्सपायरीच उचलली. ‘पुढची’ म्हणून अडकणाऱ्या बहुतेक बिलांत गडबड अशीच निघते. कधी एक्सपायरी असते, कधी पैसे देण्याची मुदत, कधी ई-वे बिलाची वैधता. म्हणजे अंक बरोबर वाचलेले असतात, फक्त तारीख दुसऱ्याच गोष्टीची असते.

दुसरं बिल १८ जून २०१४ चं दिसत होतं. डॉट मॅट्रिक्सवर छापलेलं, रिबन वाळलेली, आणि २ चा १ झालेला. वर जीएसटी नंबर ठसठशीत होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. ‘फार जुनी’मध्ये कधीकधी १९०० सालही दिसतं. ते कुठल्या बिलाचं नसतं. रिकामा रकाना शून्य म्हणून आला की एक्सेल त्याला तारखेचं सोंग देतं.

तिसरं २९ मार्च २०२४ चं, शेरा ‘काळाबाहेर’. हे मात्र खरं होतं. माल एप्रिलमध्ये पोचला आणि बिल मालाबरोबर आलं. अशा बिलाची तारीख बदलून १ एप्रिल करायचा मोह होतो, पण मग बिल पुढच्या आर्थिक वर्षात जातं. मी ते २०२३-२४ मध्येच ठेवलं आणि उताऱ्यावरच्या सुरुवातीच्या बाकीत ते धरलेलं आहे का ते पाहिलं. होतं. म्हणून ‘काळाबाहेर’ हा शेरा बाकीच्या दोघांपेक्षा सौम्य समजायचा: कारण सापडेपर्यंत बिल बाजूला ठेवायचं, एवढंच.

या चाळणीतूनही निसटते ती दिवस-महिन्याची अदलाबदल. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर ७ एप्रिल (०७/०४) एक्सेलला ४ जुलै वाटतो. तो तिमाहीबाहेर, म्हणून अडकतो. पण ५ जून (०५/०६) झाला ६ मे, आणि ६ मे तिमाहीतच आहे. शेरा येतो ‘ठीक’.

ही भानगड सगळ्या गठ्ठ्यात झाली असेल तर दोन खुणा दिसतात. १२ तारखेनंतरची सगळी बिलं ‘तारीख नाही’ म्हणून अडकतात, कारण तेरावा महिना नसल्याने एक्सेल त्यांना नुसता मजकूर समजतं आणि ती रकान्यात डावीकडे चिकटून बसतात. उरलेल्यांचे महिने जानेवारी ते डिसेंबर असे विखुरलेले असतात, पण दिवस मात्र फक्त ४, ५ किंवा ६. एप्रिल, मे, जून हे महिनेच दिवसाच्या जागी जाऊन बसलेले असतात. अशा वेळी एकेक तारीख सुधारत बसू नका. Text to Columns मध्ये DMY निवडलं तरी फक्त मजकूर राहिलेल्या तारखा सुधारतात, उलटून बसलेल्या तशाच राहतात. फाइल पुन्हा आणा आणि तारखेचा रकाना सुरुवातीलाच Text म्हणून घ्या. मगच DMY लावा.

एखादंच बिल उलटलं असेल तर बिल नंबर मदतीला येतो. एका होलसेलरची बिलं नंबरप्रमाणे लावा, आर्थिक वर्ष वेगळं ठेवून, कारण बहुतेकांची मालिका एप्रिलमध्ये नव्याने सुरू होते. नंबर वाढताना तारीख मागे जायला नको. माझ्याकडे ८६८ नंबर ४ जूनचा, ८७१ नंबर ६ मेचा आणि ८७४ नंबर ७ जूनचा दिसला. मधलं बिल काढलं, त्यावर ०५/०६ छापलेलं होतं.

होलसेलरच्या उताऱ्यात बिल नंबरासमोर तारीख असेल तर तीही ताडून बघा. एकदोन दिवसांचा फरक दिसला तर घाबरू नका, काही जण उताऱ्यात बिलाची नव्हे तर खात्यात नोंद केल्याची तारीख छापतात. फरक सगळ्याच ओळींत दिसला तर तसंच असणार. एकाच ओळीत दिसला, तर ते बिल कपाटातून काढा.