पैसे घेऊन फेसबुक ग्रुप सांभाळायचाय? मग आधी भांडण हाताळायला शिका

मी सिंहगड रोडवर घरी बसून तीन ग्रुप सांभाळते, त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे पुण्यातल्या घरगुती खाऊवाल्यांचा आणि गिऱ्हाइकांचा. "दिवसभर मोबाईलवर तर असतेस, त्याचेच पैसे मिळतात, मजा आहे" असं सांगणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकून यात पडू नका.

रोजचं काम तसं सोपंय. सकाळी अर्धा तास पेंडिंग पोस्ट आणि जॉईन रिक्वेस्ट, प्रश्नांची उत्तरं न देता आलेल्यांना सरळ नकार. दुपारी रिपोर्ट झालेल्या कमेंट. रात्री नऊ ते साडेअकरा मात्र जागेवर पाहिजे, जेवणं आटोपली की लोकांना वाद सुचतात. आज कोणाला काढलं आणि का काढलं हे एका शीटमध्ये लिहायचं, म्हणजे महिन्याने ग्रुपचा मालक विचारतो तेव्हा आठवावं लागत नाही.

आता खरं काम, म्हणजे भांडण. पहिल्या दिवाळीत मी इथेच सपाटून आपटले. एका ताईंनी फोटोसकट पोस्ट टाकली की अमुक काकूंच्या चकलीला खवट वास येतोय, दोन किलोचे पैसे वाया गेले. तासाभरात शंभरच्या वर कमेंट, कोणी काकूंच्या बाजूने, कोणी जातीवर घसरलं, कोणी काकूंचा पत्ता टाकला. मी घाबरून अख्खी पोस्टच डिलीट केली. झालं! पोस्टबरोबर सगळ्या कमेंटही गेल्या, माझ्याकडे पुरावा शून्य, आणि लोकांकडे स्क्रीनशॉट. रात्री बारापर्यंत "ॲडमिन कमिशन खाते" अशा चार नवीन पोस्ट आल्या, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर देता येईना कारण मी काय डिलीट केलं तेच दाखवायला नव्हतं.

"वाद झाला की पोस्ट उडवा" असा सल्ला देणाऱ्यांनी बहुतेक कधी मोठा ग्रुप सांभाळलेला नसतो. आता मी काय करते ते सांगते. आधी स्क्रीनशॉट, पोस्टचा आणि जिथे लोक घसरले त्या प्रत्येक कमेंटचा, नाव आणि वेळ दिसेल असा. मग पोस्टवर कमेंट बंद करायच्या, पोस्ट तशीच ठेवायची. मग फक्त तीन गोष्टी काढायच्या: पत्ता-फोन नंबर, शिवी आणि जात-धर्म. चकली वाईट होती हे मत काढायचं नाही, ते गिऱ्हाइकाचं म्हणणं आहे.

त्यानंतर दोघींना वेगवेगळा मेसेज, एकत्र चॅटमध्ये कधीच नाही, तिथे दुसरं भांडण सुरू होतं. ताईंना विचारायचं की ऑर्डर कधीची, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आहे का, पाकीट कधी उघडलं. काकूंना विचारायचं की कधी तळलं, बाकी गिऱ्हाइकांची तक्रार आहे का. पुढच्या वर्षी अगदी असाच वाद आला तेव्हा निघालं की पाकीट दहा दिवस उघडं होतं, काकूंनी तरी अर्धे पैसे परत दिले. मग कमेंट क्षणभर चालू करून पोस्टखाली ॲडमिनची एकच कमेंट टाकायची आणि पुन्हा बंद करायच्या, कोणाचं चुकलं हा निकाल न देता: "दोघींशी बोलणं झालं, व्यवहार मिटलाय, कमेंट बंद राहतील." आपण न्यायाधीश नाही, आणि त्या भूमिकेत शिरलात की पुढचं प्रत्येक भांडण तुमच्याच दारात येतं.

जातीवर घसरलेल्याला मी सात दिवस सस्पेंड करते, दुसऱ्यांदा केलं तर बाहेर. मालकाचा मित्र असला तरी, आणि हे काम घेतानाच मालकाकडून लिहून घ्यायचं, नाहीतर तुम्ही काढाल आणि तो रात्री परत घेईल.

"मेंबरने काहीही टाकलं की ॲडमिन जेलमध्ये" ही भीतीही घालतात. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपच्या केसमध्ये सांगितलंय की मेंबरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन नुसता ॲडमिन आहे म्हणून दोषी होत नाही, दोघांचा मिळून तसा हेतू असल्याचं दिसलं पाहिजे. पण घाण दिसली आणि ठेवली तर ग्रुपची माणसं जातात, ते वेगळं.

पैशाचं. मी सुरुवातीला एका ग्रुपचे महिन्याला चार हजार घेतले, दिवसाला दोन तास धरून, म्हणजे तासाला जेमतेम सत्तर रुपये, मूर्खपणा होता. आता दोन तासांच्या कामाला नऊ हजारांच्या खाली हात लावत नाही, आणि गणपती ते दिवाळी ऑर्डरींचा धुमाकूळ असतो म्हणून त्या महिन्यांना दीडपट. रात्री साडेअकरानंतरचा फोन वेगळा, प्रत्येक वेळेचे तीनशे. कंपनीचं काम असेल तर बिल द्या, त्यांनी टीडीएस कापला तर तो रिटर्न भरताना धरायचा. पोस्टच्या संख्येवर पैसे देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, तिथे भांडणाचा दिवस फुकट जातो. आणि पहिल्या महिन्याचे अर्धे पैसे ॲडमिन व्हायच्या आधी घ्या, मी एकदा घेतले नव्हते, ते अजून यायचेत.